तेरा चादरी गेल्या, पैसे कितीचे आले?

मागच्या सोमवारी शेजारच्या गल्लीतल्या मावशी मोबाइल हातात धरून दुकानात आल्या. आमच्याच सोलापुरी चादरी त्या दीड वर्षापासून ऑनलाइन विकतात. मुलगा पुण्याला असतो, त्यानं खातं उघडून दिलंय. पॅकिंग, ऑर्डर, पिकअप सगळं मावशी स्वतः बघतात.

म्हणाल्या, "अरे, हे बघ की. तेरा चादरींचे पैसे आलेत ह्या आठवड्यात. आठशे चाळीसनं दहा हजार नऊशे वीस होतात. कमिशन कापतात ते ठाऊक आहे मला. पण बँकेत सहा हजार एकशे चौतीसच आलेत. एवढं कुठं गेलं?"

मी विचारलं, सेटलमेंटची फाइल काढली का? "ती कसली? मेसेज येतो बँकेचा, तेवढंच बघते मी."

हे ऐकून मला हसू आलं नाही, कारण पहिल्या वर्षी मीही तेवढंच बघत होतो आणि त्याचा दंड भरून मोकळा झालोय. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी मावशींचा हिशेब, कारण आपल्या भागात चादर, टॉवेल, शेंगाचटणी, कडक भाकरी ऑनलाइन विकणारे आता बरेच झालेत, आणि सगळ्यांचा प्रश्न हाच आहे.

सुरुवात एका चादरीपासून करू.

चादर गिऱ्हाइकाला पडली ८४० रुपयांना. त्यात ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे माल ८०० चा आणि कर ४० रुपये. आता प्लॅटफॉर्मची कपात. मावशींच्या खात्यावर कमिशन १२ टक्के, म्हणजे १००.८०. प्रत्येक ऑर्डरला ठरलेली फी ३० रुपये. दीड किलोपर्यंतच्या पार्सलचं शिपिंग ९८ रुपये. तिन्ही मिळून २२८.८०. ह्या तिन्ही सेवा आहेत, म्हणून त्यांच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ४१.१८. एकूण २६९.९८. (तुमचे दर वेगळे असतील, वस्तूप्रमाणे आणि प्लॅटफॉर्मप्रमाणे ते बदलतात. पण कपातीची रचना बहुतेक ठिकाणी अशीच असते.)

ह्याशिवाय सरकारसाठी दोन छोट्या कपाती होतात. पहिली जीएसटीचा टीसीएस, मालाच्या ८०० रुपयांवर अर्धा टक्का, म्हणजे ४ रुपये. जुलै २०२४ च्या आधी हा १ टक्का होता. दुसरी आयकराचा टीडीएस, ०.१ टक्का, म्हणजे ८० पैसे. हाही ऑक्टोबर २०२४ च्या आधी १ टक्का होता. वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल तर एकट्या व्यक्तीचा हा टीडीएस कापत नाहीत, पण मावशींची विक्री त्याच्या वर जाते.

म्हणजे ८४० मधून २६९.९८, ४ रुपये आणि ८० पैसे वजा केले की हातात येतात ५६५.२२.

मावशींना मी हा आकडा पाटीवर मोठ्यानं लिहून दिला. एका चादरीचा आकडा आधी स्वतः काढून ठेवायचा. तो माहीत नसेल तर बँकेत आलेल्या रकमेला काही अर्थच राहत नाही, कारण तिची तुलना करायला दुसरा आकडा नसतो.

तेरा चादरींचे ह्या हिशेबानं ७,३४७.८६ यायला हवे होते. आले ६,१३४.२६. फरक १,२१३.६०. म्हणजे मावशींचा प्रश्न पावणेपाच हजारांचा नव्हता, बाराशे तेरा रुपयांचा होता. पण तो खरा होता.

मग आम्ही फाइल उघडली. सेटलमेंटच्या फाइलमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या एकापेक्षा जास्त ओळी असतात. विक्रीची ओळ वेगळी, कमिशनची वेगळी, शिपिंगची वेगळी, त्यांच्यावरच्या कराची वेगळी. काही जमा, काही वजा. ही फाइल वरून खाली वाचत बसलं तर डोकं फिरतं. एकाच ऑर्डर आयडीच्या सगळ्या ओळींची बेरीज करायची, आणि तेवढी एकच रक्कम आपल्या अपेक्षेशी ताडून बघायची. एका शीटमध्ये आपल्या ऑर्डरींची यादी, दुसऱ्या शीटमध्ये सेटलमेंट, आणि मधे हे एवढं सूत्र:

```
=SUMIFS(Settlement!F:F, Settlement!B:B, A2)
```

B मध्ये ऑर्डर आयडी, F मध्ये रक्कम, A2 मध्ये आपल्या यादीतला आयडी.

इथं एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. ऑर्डर आयडी नुसत्या आकड्यांचा आणि पंधरा अंकांपेक्षा लांब असेल तर एक्सेल फाइल उघडतानाच पंधराच्या पुढच्या अंकांचे शून्य करून टाकतं. वर वर फाइल ठीक दिसते, पण दोन वेगळ्या ऑर्डरी एकच होऊन बसतात आणि बेरीज भलतीच येते. रकान्यात 4.03E+17 असं काही दिसलं की समजायचं, गडबड झाली. फाइल सरळ न उघडता डेटा म्हणून आत घ्यायची आणि आयडीचा रकाना टेक्स्ट ठरवायचा. तेवढ्यानं भागत नाही, कारण हे सूत्र टेक्स्टमधल्या आकड्यालाही आकडाच समजतं. म्हणून मी दोन्ही शीटमध्ये आयडीच्या पुढे एक अक्षर जोडतो. मग तो आकडा राहतच नाही.

बेरजा आल्यावर मावशींचा आठवडा लख्ख दिसला. नऊ ऑर्डरींपुढे ५६५.२२. चार ऑर्डरींपुढे ५०६.२२. आणि एक जुनी, महिन्याभरापूर्वीची ऑर्डर, तिच्यापुढे वजा ९७७.६०. गोंधळ वाटणारी फाइल तीन आकड्यांवर आली.

आधी त्या चार ऑर्डरी बघू. प्रत्येकी ५९ रुपये कमी. ओळी उघडल्या तर शिपिंग ९८ च्या जागी १४८ लागलेलं. पन्नास रुपये जास्त, त्यावर ९ रुपये जीएसटी. चादर तीच, पिशवी तीच, पॅक करणाऱ्या मावशीही त्याच. मग शिपिंग वेगळं का?

"वजन तर एक किलो दोनशेच आहे, काट्यावर टाकून बघ," मावशी म्हणाल्या.

गोष्ट काट्यावरच्या वजनाची नव्हतीच. कुरियरवाले दोन वजनं धरतात आणि त्यातलं जास्त असेल त्याचे पैसे लावतात. दुसरं वजन आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० नं भागायचं. आलेला आकडा किलो म्हणून धरायचा. मावशींच्या खात्यात पार्सलचं माप भरलेलं होतं ३८, ३० आणि ६ सेंटीमीटर. गुणाकार ६,८४०, भागाकार १.३७ किलो. म्हणजे दीड किलोचा स्लॅब, ९८ रुपये. बरोबर.

पण चादर मऊ असते. मावशी ती घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, पिशवीत हवा राहते. हबवरच्या मशीनखालून पार्सल जाताना ते फुगलेलं असलं की मशीन उंची सहाऐवजी दहा धरतं. ३८, ३० आणि १० चा गुणाकार ११,४००, भागाकार २.२८ किलो. अडीच किलोचा स्लॅब, १४८ रुपये. चादर एक किलो दोनशेचीच, पण हवेचं भाडं एक किलोचं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. एकाच वस्तूच्या सगळ्या ऑर्डरी एकाखाली एक घेऊन फक्त शिपिंगचा रकाना बघायचा. वस्तू एक आणि झोनही एकच असताना शिपिंगचे दोन आकडे दिसले, तर मापात गडबड आहे. झोन आधी तपासा. सोलापूरहून पुण्याला आणि सोलापूरहून गुवाहाटीला दर वेगळा असू शकतो, आणि तो फरक रास्त आहे. मावशींच्या चारही ऑर्डरी पुणे-मुंबईच्या होत्या आणि त्याच आठवड्यात त्याच शहरांना ९८ नंही पार्सल गेलेली होती. म्हणून तक्रारीला जागा होती.

आता ती वजा ९७७.६० ची ऑर्डर. ही परत आलेली चादर. गिऱ्हाइकानं "रंग वेगळा वाटला" म्हणून परत केली. महिन्याभरापूर्वी तिचे ५६५.२२ जमा झाले होते, ते मावशी विसरूनही गेल्या होत्या. ह्या आठवड्यात तिचे ८४० उलटे वजा झाले, टीसीएसचे ४ रुपये परत जमा झाले आणि परतीचं शिपिंग १२० अधिक कर २१.६०, म्हणजे १४१.६० वजा झालं.

इथं एक ओळ नव्हती. विक्रीच रद्द झाली तर त्या विक्रीवरचं कमिशन परत यायला हवं. मावशींच्या प्लॅटफॉर्मच्या नियमातच ते लिहिलेलं आहे. ठरलेली फी आणि जातानाचं शिपिंग परत मिळत नाही, पण कमिशन मिळतं. १००.८० आणि त्यावरचा कर धरून ११८.९४. ती ओळ सेटलमेंटमध्ये नव्हती आणि महिन्याच्या कमिशनच्या बिलाबरोबर येते त्या क्रेडिट नोटमध्येही ह्या ऑर्डरचा पत्ता नव्हता. हे दोन्हीकडे बघावं लागतं. कधीकधी कमिशन पुढच्या आठवड्याच्या सेटलमेंटमध्ये येतं, आणि आपण उगाच तक्रार करून बसतो. पण क्रेडिट नोटमध्येही नसेल तर ते आपोआप येणार नाही.

तर १,२१३.६० चा हिशेब असा लागला. परत आलेल्या चादरीचे ८५८.६६ रास्त होते. चार पार्सलांच्या मापाचे २३६ आणि न आलेल्या कमिशनचे ११८.९४, मिळून ३५४.९४ मागण्यासारखे होते.

मावशींनी त्याच रात्री दोन तक्रारी टाकल्या. प्रत्येक ठिकाणी तक्रारीला मुदत असते, ती उलटली की बरोबर असूनही काही मिळत नाही. म्हणून हे काम महिन्याचं नाही, आठवड्याचं आहे. मापाच्या तक्रारीला फोटो लागतात. पार्सलवर लेबल दिसतंय, शेजारी टेप लावलाय आणि काट्यावरचं वजन वाचता येतंय, असे. मावशींकडे तीन पार्सलांचे फोटो होते, कारण मुलानं कधीतरी सांगून ठेवलं होतं. चौथ्याचा नव्हता. परवा १७७ आणि ११८.९४ जमा झाले. चौथ्या पार्सलाचे ५९ गेले.

कुणी म्हणेल, तीनशे रुपयांसाठी एवढी उठाठेव? मग नफ्याचा आकडा बघा. एका चादरीमागे मावशींना कर सोडून ८०० मिळतात, त्यातून प्लॅटफॉर्मचे २२८.८० गेले, उरले ५७१.२०. चादरीची खरेदी ४३० आणि पिशवी-टेप १५ वजा केले की उरतात १२६ रुपये २० पैसे. मापाच्या चुकीचे ५० रुपये म्हणजे त्या नफ्यातले चाळीस टक्के. आणि परत आलेल्या एका चादरीचा खरा तोटा, कर वगळून, २४८ रुपये. म्हणजे दोन चादरींचा नफा एका परत आलेल्या चादरीत जातो, तीही चादर परत धड आली तर. दहात एक परत येत असेल तर किंमत ठरवतानाच ती धरावी लागते. मावशींनी ती धरलेली नव्हती, कारण हा आकडा त्यांना कुणी कधी दाखवलाच नव्हता.

आता माझ्या दंडाची गोष्ट. मी पहिल्या वर्षी बँकेत जे आलं तीच विक्री समजलो. वर्षभरात साडेचार लाख जमा झाले होते, तेवढेच आमच्या अकाउंटंटला सांगितले आणि त्यानं त्यातून कर काढून रिटर्न भरलं. पण प्लॅटफॉर्म दर महिन्याला जीएसटीआर-८ भरतो. त्यात माझ्या नावावर पूर्ण विक्री दिसते, कपातीच्या आधीची. तिथं कर सोडून ६ लाख ४० हजार होते. माझ्या रिटर्नमध्ये सव्वाचार लाखांच्या थोडे वर. दोन्ही आकडे जीएसटीच्या कॉम्प्युटरमध्ये शेजारी शेजारी आले आणि मला नोटीस आली. विक्री लपवल्याचा संशय.

मी काही लपवलं नव्हतं. ८४० ची विक्री ८४० चीच दाखवायची असते, आणि प्लॅटफॉर्मनं कापलेले पैसे हा वेगळा खर्च असतो, हे मला माहीत नव्हतं. एवढंच. पण नोटिशीला "माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. साडेदहा हजारांचा कर व्याजासह भरला.

त्याहून वाईट पुढे आहे. कमिशन आणि शिपिंगवर जो १८ टक्के जीएसटी कापला जातो त्याचं क्रेडिट आपल्याला मिळतं. त्यासाठी महिन्याचं कमिशनचं बिल लागतं आणि ते जीएसटीआर-२बी मध्ये दिसावं लागतं. माझी बिलं तिथं दिसत होती, पण निव्वळ जमा हीच विक्री धरल्यामुळे आम्ही ती कधी घेतलीच नव्हती. ह्या क्रेडिटची मुदत पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. मला नोटीस आली तेव्हा ती गेली होती. वेळेत घेतलं असतं तर खिशातून एक रुपया न भरता तो कर भागला असता.

टीसीएसचंही तसंच. कापलेले पैसे आपोआप आपल्याकडे येत नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवर TDS and TCS Credit Received ह्या पानावर जाऊन ते स्वीकारून तो फॉर्म भरावा लागतो. मग ते कॅश लेजरमध्ये येतात आणि कर भरायला वापरता येतात. माझे कितीतरी महिन्यांचे तिथं पडून होते. ते स्वीकारताना एक तपासणीही होऊन जाते. तिथं दिसणारी महिन्याची विक्री आणि तुमच्या रिटर्नमधली विक्री जुळते का बघा. जुळत नसेल तर कारण बहुतेक वेळा महिन्याच्या टोकावर असतं. २८ मार्चला बिल झालेली चादर २ एप्रिलला पोचते आणि पैसे १० एप्रिलला येतात. विक्री मार्चचीच, पैसे एप्रिलचे. रिटर्नमध्ये बिलाची तारीख धरायची, बँकेची नाही.

एक गोष्ट मात्र कितीही नीट हिशेब ठेवला तरी सुटत नाही. वरचंच उदाहरण बघा. चादरीवर गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर ४० रुपये, आणि प्लॅटफॉर्मच्या फीवर मावशींनी दिलेला कर ४१.१८. चादरीच्या खरेदीवर दिलेला कर आणखी वेगळा. म्हणजे क्रेडिट साठतच जातं. ते लेजरमध्ये दिसतं, हातात येत नाही. कारण तयार मालावरचा दर कमी असल्याबद्दल जो परतावा मिळतो त्यात सेवांवरचा कर धरत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तो नियम कायम ठेवलाय. पाच टक्क्यांचा माल विकणाऱ्या आणि अठरा टक्क्यांच्या सेवा घेणाऱ्या प्रत्येक छोट्या विक्रेत्याचे पैसे असे अडकतात. ह्यावर आपल्या खासदारांना प्रश्न विचारायला हरकत नाही. हा प्रश्न हिशेबाचा नाही, धोरणाचा आहे.

आणि एक प्रश्न जवळच्यांना. बचत गटांसाठी "ऑनलाइन विक्री"ची शिबिरं होतात, मी तीन-चार बघितली. फोटो कसा काढायचा, नाव काय द्यायचं, खातं कसं उघडायचं हे छान शिकवतात. सेटलमेंटची फाइल एकाही शिबिरात उघडली गेली नाही. एक तास त्याला द्या. एक खरी फाइल, एक ऑर्डर आयडी, आणि त्याच्या सगळ्या ओळींची बेरीज. बायका वर्षानुवर्षं दुधाचा, भिशीचा हिशेब पैशापैशानं ठेवतात. त्यांना हे अवघड नाही, फक्त कुणी दाखवलेलं नाही.

प्लॅटफॉर्मवाल्यांकडून अपेक्षा एकच. मशीननं पार्सल मोजलं की त्याचा फोटो आणि माप त्याच ओळीत दाखवा. तुम्ही मोजणार, तुम्हीच पैसे लावणार, आणि चूक सिद्ध करायची मावशींनी, टेप धरून फोटो काढून. हा भार उलटा आहे.

मावशींनी आता दोन बदल केलेत. चादर घडी घालून आधी आडव्या-उभ्या सुतळीनं घट्ट बांधतात, मग पिशवीत घालून हवा दाबून काढतात आणि टेप लावतात. काल मोजली तर उंची साडेपाच भरली. आणि दुकानातल्या पाटीवरचा ५६५.२२ हा आकडा त्यांनी घरी नेऊन फ्रिजवर चिकटवलाय. दर सोमवारी बँकेचा मेसेज आला की आधी चादरी मोजतात, त्या आकड्यानं गुणतात, आणि मगच मेसेज उघडतात.